सरकारप्रमुखाने किती वेळा शपथ घ्यावी?

देशाचे सरकार एकाच व्यक्तीने जास्तीत जास्त किती काळ चालवावे, हे काही देश मतदारांवर सोडत नाहीत. ते राज्यघटनेतच लिहून ठेवतात. अमेरिकेत कुणालाही राष्ट्राध्यक्ष म्हणून दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही. मेक्सिकोत राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत मिळते आणि तो पुन्हा कधीही उभा राहू शकत नाही. याउलट ब्रिटन, जर्मनी, कॅनडा आणि भारत या देशांत सरकारप्रमुखावर अशी कोणतीही मर्यादा नाही. लोकसभेचा विश्वास आहे तोपर्यंत भारताचा पंतप्रधान पदावर राहू शकतो, मग ती वर्षे पाच असोत की पंचवीस. मुख्यमंत्र्यांचेही तसेच.

मर्यादा घालण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिलीत आयुष्यभरात किती मुदती मिळतील ते ठरते. दुसरीत फक्त सलग किती मुदती चालतील ते सांगितलेले असते, म्हणजे मध्ये एक मुदत बाहेर बसून परत येता येते. तिसरीत मुदती न मोजता एकूण वर्षे मोजतात. हा फरक कायद्याच्या बारकाव्याचा वाटेल, पण पुढे दिसेल की बरेचसे राजकारण याच फटींतून शिरते.

नियम बहुधा एखाद्या अनुभवानंतर येतो. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत मर्यादा नव्हतीच. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1796 मध्ये तिसऱ्यांदा उभे राहण्यास नकार दिला आणि पुढे जवळपास दीड शतक तो प्रघात टिकला. काहींनी तो मोडण्याचा प्रयत्न केला, पण कुणाला यश आले नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मात्र 1940 मध्ये तिसरी आणि 1944 मध्ये चौथी निवडणूक जिंकली आणि एप्रिल 1945 मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यानंतर 1947 मध्ये काँग्रेसने मंजूर केलेली बाविसावी घटनादुरुस्ती 1951 मध्ये लागू झाली. जे शतकभर संकेताने चालले होते ते लिहून ठेवण्याची गरज पडली, कारण संकेत एकदा मोडला की तो परत जोडता येत नाही.

मर्यादा हवी, असे म्हणणाऱ्यांची बाजू

मर्यादेच्या समर्थनात नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद म्हणजे सत्ता माणसाला बिघडवते. हा युक्तिवाद खरा असला तरी कच्चा आहे, कारण त्याचे उत्तर सोपे आहे: बिघडलेल्या माणसाला मतदार पाडतील. समर्थकांची खरी ताकद दुसऱ्या मुद्द्यात आहे. मतदाराला दर निवडणुकीत समान संधी असलेले दोन उमेदवार मिळतात असे आपण धरून चालतो, पण पदावर बसलेला आणि पदाबाहेर असलेला हे कधीच समान नसतात. पदावरच्या माणसाकडे अधिकाऱ्यांच्या बदल्या असतात, सरकारी जाहिराती असतात, योजनांचे हप्ते कधी जमा करायचे याचा निर्णय असतो. कायदा कुठेही न मोडता हे सारे त्याच्या बाजूने काम करते. मुदतीमागून मुदती गेल्या की फायदा साचत जातो. निवडणूक आयोग, न्यायालये, लेखापरीक्षक आणि तपास यंत्रणा यांच्यावर नेमलेली माणसे हळूहळू सगळीच त्याच्या काळातली होतात. अशा वेळी मतदानाच्या दिवशी कोणताही गैरप्रकार झाला नाही तरी निवडणूक समान राहत नाही.

याचा पडताळा आफ्रिकेतल्या काही देशांत स्पष्ट मिळतो. घानामध्ये जेरी रॉलिंग्ज 1981 च्या अखेरीस लष्करी उठावाने सत्तेवर आले. 1992 च्या राज्यघटनेने दोन मुदतींची मर्यादा घातली आणि त्यांनी 1992 व 1996 अशा दोन निवडणुका जिंकल्या. 2000 मध्ये त्यांना उभे राहता येत नव्हते, म्हणून त्यांच्या पक्षाने उपराष्ट्राध्यक्ष जॉन अटा मिल्स यांना उभे केले. मिल्स हरले आणि विरोधी पक्षाचे जॉन कुफुओर निवडून आले. पुढे कुफुओर यांच्या दोन मुदती संपल्यावर तेच मिल्स 2008 च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत जिंकले. दोन्ही वेळा सत्तांतर झाले ते पदावरचा माणूस रिंगणात नसताना. रॉलिंग्ज 2000 मध्ये स्वतः उभे असते तर काय झाले असते हे सांगता येणार नाही, पण त्यांना पाडणे मिल्स यांना पाडण्याइतके सोपे गेले नसते, हे मानायला फार धाडस लागत नाही.

या उदाहरणातली जास्त महत्त्वाची गोष्ट मिल्स यांच्या वागण्यात आहे. हरल्यावर ते रस्त्यावर उतरले नाहीत, कारण आठ वर्षांनी मैदान पुन्हा मोकळे होणार हे सर्वांनाच ठाऊक होते. मर्यादेमुळे हरणाऱ्याला थांबण्यात अर्थ वाटतो. सत्ताधारी कधी जाईल हेच ठाऊक नसेल तर विरोधकांपुढे पक्षांतर, आंदोलन किंवा लष्कराशी संधान एवढेच मार्ग उरतात. सत्ताधारी पक्षातल्या दुसऱ्या फळीचेही तसेच असते. वरची जागा ठराविक दिवशी रिकामी होणार असेल तर त्या पक्षात नेते तयार होतात, नाहीतर फक्त निष्ठावंत तयार होतात. म्हणून समर्थकांच्या मते हा नियम वाईट राज्यकर्त्यासाठी नाहीच. वाईटाला घालवायला निवडणूक पुरेशी आहे. नियम आहे तो लोकप्रिय राज्यकर्त्यासाठी, ज्याला कुणी नाही म्हणत नाही अशा माणसासाठी.

मर्यादा नको, असे म्हणणाऱ्यांची बाजू

विरोधकांचा पहिला मुद्दा तत्त्वाचा आहे. लोकांना हवा असलेला उमेदवार केवळ तो आधी दोनदा निवडून आला म्हणून मतपत्रिकेवरून काढून टाकणे म्हणजे मतदाराच्या निवडीला कात्री लावणे. ज्या लोकशाहीत मतदार शहाणा मानला जातो तिथे तो तिसऱ्या वेळी अचानक अजाण कसा ठरतो? सिक्कीममध्ये पवनकुमार चामलिंग 1994 पासून 2019 पर्यंत आणि ओडिशात नवीन पटनायक 2000 पासून 2024 पर्यंत मुख्यमंत्री होते. दोघांनाही कोणत्याही कलमाने घरी पाठवले नाही. ते काम मतदारांनी केले. हे व्हायला चोवीस वर्षे का लागली, असे समर्थक विचारतात. तितकी वर्षे लोकांना ते हवे होते, हे विरोधकांचे उत्तर, आणि ते सहज झटकून टाकता येत नाही.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे, आणि विरोधकांच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण हाच म्हणावा लागेल. पुन्हा मते मागायची आहेत ही भीतीच राज्यकर्त्याला सरळ ठेवते. शेवटच्या मुदतीत ती भीती उरत नाही. मग मर्यादेने जबाबदारी वाढते की कमी होते? ब्राझीलमध्ये याची चाचणी जवळजवळ प्रयोगशाळेत घ्यावी तशी घेता आली. तिथले महापौर हे आपल्याकडच्यासारखे मानाचे पदाधिकारी नसून शहराचे खरे सरकारप्रमुख असतात, आणि त्यांना सलग दोनच मुदती मिळतात. 2003 पासून केंद्र सरकारने सोडत काढून निवडलेल्या नगरपालिकांचे लेखापरीक्षण सुरू केले. क्लॉडिओ फेराझ आणि फ्रेडेरिको फिनान या अर्थतज्ज्ञांनी ते अहवाल वाचून काढले. पुन्हा उभे राहता येणार होते अशा पहिल्या मुदतीच्या महापौरांच्या कारभारात निधीची अफरातफर, शेवटच्या मुदतीतल्यांच्या तुलनेत 27 टक्क्यांनी कमी आढळली. नगरपालिका सोडतीने निवडलेल्या असल्यामुळे तपासणीसाठी मुद्दाम भ्रष्ट गावेच उचलली, असे म्हणायला जागा नव्हती.

समर्थक यावर म्हणतात की महापौराच्या हाती निवडणूक यंत्रणा किंवा न्यायालये नसतात, त्यामुळे देशाच्या प्रमुखाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. ही हरकत रास्त आहे, पण त्यामुळे मूळ निष्कर्ष खोटा ठरत नाही.

तिसरा मुद्दा मेक्सिकोच्या इतिहासातून येतो. पोर्फिरिओ डियास 1876 मध्ये सत्तेवर आले तेच फेरनिवड नको या घोषणेवर, आणि मग मधली चार वर्षे सोडली तर 1911 पर्यंत तेच राष्ट्राध्यक्ष राहिले. फ्रान्सिस्को मादेरो यांनी तीच घोषणा त्यांच्यावर उलटवली आणि क्रांती पेटली. क्रांतीनंतर आल्वारो ओब्रेगोन यांनी परत येण्यासाठी नियम बदलून घेतला, 1928 मध्ये निवडणूक जिंकली आणि पदभार घेण्याआधीच त्यांचा खून झाला. यानंतर मात्र नियम पक्का झाला आणि कुणीही मोडला नाही. पण 1929 मध्ये स्थापन झालेला पक्ष नावे बदलत 2000 पर्यंत अखंड सत्तेवर राहिला. दर सहा वर्षांनी माणूस बदलत होता. मावळता राष्ट्राध्यक्ष पुढच्याकडे बोट दाखवी आणि तोच निवडून येई. व्यक्तीवरची मर्यादा पक्षाला लागू होत नाही, हे याहून ठळक कुठे दिसत नाही.

चौथा मुद्दा अडीच शतकांपूर्वीचा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेचा मसुदा चर्चेत असताना अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी मर्यादेला विरोध केला होता. अनुभवी माणूस ऐन संकटात गमवावा लागेल, हे एक कारण त्यांनी दिले. दुसरे अधिक बोचरे आहे: महत्त्वाकांक्षी माणसाला आपले पद कायद्याने संपणार हे कळले तर तो ते टिकवण्यासाठी कायदाच मोडायला प्रवृत्त होईल. म्हणजे मर्यादा ज्या रोगावरचे औषध आहे तो रोग तिच्यामुळेच उद्भवू शकतो. हे नुसते अनुमान आहे की खरेच घडते, ते बोलिव्हियात पाहता येते.

बोलिव्हिया: एका कलमाची कहाणी

एवो मोरालेस डिसेंबर 2005 मध्ये निवडून आले. आदिवासी बहुसंख्य असलेल्या त्या देशाचे ते पहिले आदिवासी राष्ट्राध्यक्ष. नैसर्गिक वायूचे उत्पन्न त्यांनी गरिबांकडे वळवले आणि त्यांच्या काळात अतिदारिद्र्य निम्म्याहून अधिक घटले. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण हा वाद कुणा तिरस्कृत हुकूमशहाबद्दल नव्हता.

त्यांच्याच पुढाकाराने तयार झालेली नवी राज्यघटना 2009 च्या सार्वमतात मंजूर झाली. तिच्या कलम 168 नुसार राष्ट्राध्यक्षाला सलग एकदाच फेरनिवड मिळते. विरोधकांच्या आग्रहावरून एक संक्रमणकालीन तरतूदही घातली गेली: आधीच्या मुदती मोजणीत धरल्या जातील. त्याच वर्षाच्या अखेरीस मोरालेस 64 टक्के मतांनी पुन्हा जिंकले. सरळ वाचनाने त्यांच्या दोन मुदती इथे भरल्या.

2013 मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने निर्णय दिला की नव्या राज्यघटनेने देशाची नव्याने स्थापना झाली, म्हणून आधीची मुदत वेगळ्या राज्यव्यवस्थेतली ठरते आणि मोजायची नाही. संक्रमणकालीन तरतूद याच्या नेमकी उलट सांगत होती. मोरालेस 2014 मध्ये उभे राहिले आणि 61 टक्के मते घेऊन जिंकले. लोक इतके बाजूने असताना या निर्णयावर फारसा गदारोळ झाला नाही, आणि घसरण नेमकी तिथेच सुरू झाली असे मागे वळून म्हणता येते.

पुढची पायरी म्हणून सरकारने थेट लोकांनाच विचारले: कलम 168 बदलून आणखी एका फेरनिवडीला परवानगी द्यावी का? 21 फेब्रुवारी 2016 च्या सार्वमतात 51.3 टक्के लोकांनी नाही म्हटले. मर्यादेचा प्रश्न मतदारांवर सोडा, असे सांगणाऱ्यांच्या दृष्टीनेही इथे विषय संपायला हवा होता. पण नोव्हेंबर 2017 मध्ये न्यायाधिकरणाने मर्यादाच बाजूला सारली. निवडणूक लढवणे हा अमेरिका खंडाच्या मानवी हक्क करारातला हक्क आहे आणि करार राज्यघटनेहून वरचढ आहे, असा तर्क दिला गेला. या न्यायाधिकरणाचे सदस्य बोलिव्हियात लोक निवडतात, पण उमेदवारांची यादी संसद ठरवते आणि संसदेत मोरालेस यांच्या पक्षाला दोन तृतीयांश बहुमत होते. पदावरच्या माणसाचा फायदा साचत जातो, या समर्थकांच्या म्हणण्याचा अर्थ इथे नेमका कळतो.

ऑक्टोबर 2019 मध्ये मोरालेस चौथ्यांदा उभे राहिले. बोलिव्हियाच्या नियमाप्रमाणे पहिल्याच फेरीत जिंकण्यासाठी निम्म्याहून जास्त मते लागतात, किंवा किमान 40 टक्के मते आणि दुसऱ्या क्रमांकावर 10 टक्क्यांची आघाडी. मतदानाच्या रात्री प्राथमिक निकालांचे प्रसारण मध्येच थांबले. ते सुरू झाले तेव्हा आघाडी दहाच्या जवळ सरकलेली होती आणि अंतिम निकालात ती साडेदहाच्या किंचित वर गेली. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या निरीक्षकांनी निकालावर शंका घेतली. त्यांच्या आकडेशास्त्रावर पुढे काही संशोधकांनी तितकीच गंभीर शंका घेतली आणि तो वाद मिटलेला नाही. पण रस्त्यावरच्या लोकांना आकडेशास्त्राची गरज नव्हती. ज्याने 2016 चे नाही ऐकले नाही तो मतमोजणीत प्रामाणिक असेल, हे मानायला निम्मा देश तयार नव्हता. पोलिसांनी बंड केले, लष्करप्रमुखांनी राजीनामा सुचवला आणि 10 नोव्हेंबर 2019 रोजी मोरालेस पायउतार होऊन मेक्सिकोला गेले. मागे आलेल्या हंगामी सरकारच्या काळात सुरक्षा दलांच्या गोळीबारात त्यांचे अनेक समर्थक मारले गेले.

आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने 2021 मध्ये सल्लामत दिले की अमर्याद फेरनिवड हा स्वतंत्र मानवी हक्क नाही. 2023 च्या अखेरीस बोलिव्हियाच्या न्यायाधिकरणानेही घूमजाव केले आणि दोनच मुदती, सलग असोत वा नसोत, असे सांगितले. तोवर मोरालेस यांचाच पक्ष त्यांच्यात आणि त्यांनीच पुढे आणलेले राष्ट्राध्यक्ष लुइस आर्से यांच्यात दुभंगला होता. 2025 च्या निवडणुकीत तो पक्ष पार कोसळला आणि रोद्रिगो पास निवडून आले.

दोन्ही बाजू ही कहाणी आपापल्या सोयीने वाचतात. मर्यादा नसती तर मोरालेस 2019 मध्ये सरळ उभे राहिले असते आणि सरळ हरले किंवा जिंकले असते, असे विरोधक म्हणतात. समर्थक म्हणतात की मर्यादा 2014 मध्येच पाळली असती तर ते देशाचे सर्वांत यशस्वी राष्ट्राध्यक्ष म्हणून घरी गेले असते आणि पक्षाला वारसदार शोधायला पाच वर्षे जास्त मिळाली असती. घटनाक्रम पाहता समर्थकांचे वाचन जास्त पटते, कारण बोलिव्हियात मोडली ती केवळ मर्यादा नव्हती. ती मोडण्यासाठी आधी न्यायाधिकरण वाकवावे लागले आणि नंतर सार्वमत. 2010 मध्ये कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने आल्वारो उरिबे यांच्या तिसऱ्या मुदतीसाठीचे सार्वमत रद्द केले तेव्हा उरिबे तितकेच लोकप्रिय होते. त्यांनी निर्णय मानला आणि निवडणूक वेळेवर झाली. दोन्ही देशांत मर्यादा होती, दोघेही नेते लोकप्रिय होते. फरक न्यायालयांच्या स्वातंत्र्यात होता.

पंतप्रधानाला हाच नियम लागू होतो का?

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे अध्यक्षीय पद्धतीतली आहेत, आणि ते योगायोगाने नाही. अध्यक्षाला मुदतीच्या आत काढणे महाभियोगाशिवाय जवळपास अशक्य असते. पंतप्रधानाला कोणत्याही दिवशी काढता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी राज्यघटनेचा मसुदा मांडताना हाच फरक समजावला होता. अमेरिकी पद्धतीत सरकारच्या जबाबदारीचे मोजमाप ठराविक काळाने होते, तर संसदीय पद्धतीत ते रोजच्या रोज होते, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वास प्रस्तावातून. आणि निवडणुकीच्या वेळी मतदारही करतातच. स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त वजन द्यायचे म्हणून संसदीय पद्धत निवडली, असा त्यांचा युक्तिवाद होता. रोज तपासणी होत असेल तर वर्षांची मर्यादा कशाला?

ही तपासणी ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 1990 मध्ये दिसली. मार्गारेट थॅचर सलग तीन निवडणुका जिंकून साडेअकरा वर्षे पंतप्रधान होत्या आणि संसदेत त्यांचे बहुमत भक्कम होते. पण स्वपक्षीय खासदारांच्या मतदानात त्यांना 204 आणि मायकेल हेझलटाइन यांना 152 मते पडली. पहिल्या फेरीत जिंकण्यासाठी लागणारी आघाडी चार मतांनी हुकली आणि दोन दिवसांत त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. सार्वत्रिक निवडणुकीची वाट पाहावी लागली नाही.

भारतात असे घडू शकते का, हा मर्यादेच्या समर्थकांचा प्रश्न आहे. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आणला. पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर खासदाराचे किंवा आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. अविश्वास प्रस्तावही याला अपवाद नाही. घोडेबाजार रोखण्यासाठी आणलेल्या या कायद्याने सत्ताधारी पक्षाच्या सदस्याकडून सरकार पाडण्याचे साधनच काढून घेतले. त्यातच तिकीटवाटप श्रेष्ठींच्या हाती आणि पक्षांतर्गत निवडणुका बहुधा बिनविरोध. मग ज्या रोजच्या मोजमापाच्या भरवशावर मर्यादा वगळली ते उरलेच किती? याच ठिकाणी आंबेडकरांचे दुसरे भाषण पुढे केले जाते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी त्यांनी राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. या देशात भक्ती जितकी राजकारणात दिसते तितकी अन्यत्र दिसत नाही आणि ती अधोगतीकडे नेते, असा त्याचा आशय. एकाच नेत्याची दोन भाषणे वादाच्या दोन्ही बाजूंना कामी येतात.

मर्यादा संसदीय पद्धतीत बसवायचीच म्हटले तरी ती मोजायची कशी, हा प्रश्न उरतो. इथे मुदत ठराविक लांबीची नसते. अटलबिहारी वाजपेयी यांनी 1996 मध्ये शपथ घेतली आणि तेरा दिवसांत राजीनामा दिला. 1998 मध्ये पुन्हा घेतली आणि एप्रिल 1999 मध्ये एका मताने सरकार पडले. दोन शपथांची मर्यादा असती तर 1999 पासून 2004 पर्यंतचे त्यांचे एकमेव पूर्ण सरकार झालेच नसते. महाराष्ट्रात हा गोंधळ आणखी वाढतो. वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. शरद पवार यांनी चार वेळा शपथ घेतली, पण त्यांचा एकूण काळ सात वर्षांहून कमी भरतो. शपथा मोजल्या तर पवार अडकतात, आठ वर्षांची मर्यादा घातली तर नाईक अडकतात आणि पवार सुटतात. देवेंद्र फडणवीस यांचा नोव्हेंबर 2019 मधला पहाटेचा शपथविधी आणि जेमतेम चार दिवसांचे सरकार ही एक मुदत धरायची का? म्हणून संसदीय देशांत नियम करायचा तर वर्षांचाच करावा लागतो.

थायलंडने तसाच केला. 2017 च्या राज्यघटनेत पंतप्रधानासाठी एकूण आठ वर्षांची मर्यादा आहे, सलग असोत वा नसोत. 2014 च्या लष्करी उठावानंतर पंतप्रधान झालेले प्रयुत चान ओचा यांची आठ वर्षे ऑगस्ट 2022 मध्ये भरली, अशी तक्रार विरोधकांनी केली. न्यायालयासमोर मोजणीचे तीन पर्याय होते: 2014 मध्ये ते पंतप्रधान झाले तो दिवस, एप्रिल 2017 मध्ये राज्यघटना लागू झाली तो दिवस, किंवा 2019 च्या निवडणुकीनंतरची नेमणूक. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मधला पर्याय निवडला आणि प्रयुत यांना 2025 पर्यंतची वाट मोकळी झाली. नियम वर्षांचा असूनही घड्याळ कधी सुरू करायचे ते न्यायाधीशांनीच ठरवले.

नियम फक्त अध्यक्षाला असेल आणि पंतप्रधानाला नसेल तर वेगळीच पळवाट तयार होते. रशियात सलग दोन मुदतींची मर्यादा होती, म्हणून व्लादिमिर पुतिन 2008 मध्ये पंतप्रधान झाले आणि 2012 मध्ये अध्यक्ष म्हणून परतले. 2020 च्या घटनादुरुस्तीने त्यांच्या आधीच्या मुदती शून्य धरल्या. आर्मेनियात सेर्झ सार्गस्यान यांनी आणखी पुढची चाल केली. त्यांच्या अध्यक्षपदाच्या दोन मुदती संपत असताना 2015 च्या सार्वमताने सत्ता अध्यक्षाकडून पंतप्रधानाकडे नेली गेली, आणि 17 एप्रिल 2018 रोजी संसदेने त्यांनाच पंतप्रधान निवडले. राजधानी येरेव्हान रस्त्यावर उतरली आणि सहाव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्यांनी काहीच चुकीचे केले नव्हते.

मर्यादा घटनेत न घालता पक्षाच्या नियमांत घालण्याचा एक मधला मार्गही आहे. जपानच्या सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात पक्षाध्यक्षाला तीन वर्षांच्या सलग दोनच मुदती मिळत, आणि पक्षाध्यक्षच बहुधा पंतप्रधान असल्याने हीच पंतप्रधानाची मर्यादा ठरे. 2017 मध्ये शिंझो आबे यांच्यासाठी पक्षाने ती तीन मुदतींवर नेली. बदल करायला पक्षाचे अधिवेशन पुरले, राज्यघटनेला हात लावावा लागला नाही. विरोधकांना यात लवचिकता दिसते, समर्थकांना ढिलाई.

राहतो तो मसुद्याचा शहाणपणा, आणि त्याबाबत दोन्ही बाजूंचे जाणकार बऱ्याच अंशी एकमत आहेत. सलग मुदतींची मर्यादा सर्वांत कमकुवत, कारण ती विश्वासू माणसाला मधल्या काळापुरते खुर्चीवर बसवण्याचे निमंत्रण देते. आधीच्या मुदती मोजायच्या की नाही हे नुसते लिहून भागत नाही, ते वाचणारे न्यायालय कोण नेमते हेही पाहावे लागते. आणि नियम ज्या काळात बदलतो त्या काळातल्या पदस्थाला बदलाचा लाभ मिळू नये. अमेरिकेच्या बाविसाव्या दुरुस्तीने उलट्या दिशेने हेच पथ्य पाळले: त्या वेळी पदावर असलेले हॅरी ट्रूमन यांना नव्या मर्यादेतून नावाचा उल्लेख न करता वगळले, म्हणजे ती त्यांच्यावरचा सूड ठरू नये. ट्रूमन यांनी 1952 मध्ये पुन्हा न लढण्याचे ठरवले. नव्या नियमाने बांधला गेलेला पहिला राष्ट्राध्यक्ष ठरला तो त्यांच्यानंतर आलेला ड्वाइट आयझेनहॉवर, ज्याच्याच रिपब्लिकन पक्षाने ही दुरुस्ती रूझवेल्ट यांच्या आठवणीने पुढे रेटली होती.